डब्याच्या चिठ्ठीतून आधी 'आढळल्यास' काढा

*मी दुसरीची वर्गशिक्षिका आहे. पौष्टिक डब्याबद्दल पालकांना सूचना लिहायचं काम या वर्षी माझ्याकडे आलंय. गेल्या वर्षीची सूचना वाचून दोन-तीन पालक दुखावले होते. वर्गात सगळ्या प्रकारच्या घरांतली मुलं आहेत. कुणाला आपल्याकडे बोट दाखवलंय असं वाटू नये आणि चिठ्ठीचा उपयोगही व्हावा, असं कसं लिहू?*

प्राथमिक शाळेत बावीस वर्षं झाली. डब्याच्या चिठ्ठ्या मी बऱ्याच लिहिल्या आणि त्यांतली पहिली सगळ्यात वाईट होती. ती अजून माझ्याकडे आहे. तिच्यात एक वाक्य असं होतं: "डब्यात बिस्किटे, नूडल्स, वेफर्स वा बेकरीचे पदार्थ आढळल्यास डबा परत पाठवण्यात येईल." त्यातल्या पदार्थांबद्दलचं माझं मत आजही फारसं बदललेलं नाही. पण चिठ्ठी गेल्यावर आठवड्याभरात वर्गातली एक मुलगी डब्याचं झाकण पूर्ण उघडेनाशी झाली. झाकण कलतं धरायचं, एका हाताने आड करायचं आणि आतलं पटकन तोंडात टाकायचं. मला वाटलं, दुसऱ्या मुलांना द्यायचं नाही म्हणून लपवतेय.

मग तिची आजी शाळेत आली, मी बोलावलेलं नसताना. आई सकाळी सहाच्या पाळीला जाते, आजीची बोटं सांध्यांनी आखडलेली, पोळी लाटली जात नाही. म्हणून डब्यात खारी किंवा टोस्ट. हे सगळं त्या बाईंनी उभ्यानेच मला सांगितलं, जणू मी फौजदार आणि त्या जबाब द्यायला आलेल्या. मी काही बोलू शकले नाही. चिठ्ठीने पोषण एका दाण्यानेही वाढलं नव्हतं. एका मुलीचं खाणं मात्र लपूनछपून सुरू झालं होतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालते. घरी काय शिजतं याबद्दल शाळेला फारसं काही माहीत नसतं. तो डबा शाळेत आल्यावर त्याचं काय होतं, हे मात्र पालकांपेक्षा आपल्याला जास्त माहीत असतं. सुट्टी किती मिनिटांची, नळ किती, कोणती झाकणं मुलांना उघडत नाहीत, काय उरतं, काय आंबतं, कोण कधी पुन्हा भुकेजतं. चिठ्ठीत फक्त हे लिहायचं. 'तुम्ही काय द्यावं' हे लिहायला लागलो की आपण न कळत दुसऱ्याच्या ओट्यापाशी जाऊन उभे राहतो. 'इथे काय होतं' हे लिहिलं की काय द्यायचं ते पालक स्वतःच ठरवतात, आणि माझा अनुभव असा की बरेचदा चांगलंच ठरवतात.

म्हणून लिहायला बसण्याआधी एक दिवस घड्याळ घेऊन वर्गात बसा. मी बसले होते. आमची सुट्टी कागदावर वीस मिनिटांची. मुलं अडतीस, नळ चार. हात धुऊन शेवटचं मूल जागेवर यायला सहा मिनिटं लागली. डब्याची पिशवी, झाकण, कुणाचं तरी पाणी सांडणं, यात आणखी दोन मिनिटं. घंटेच्या आधी डबे आवरायला एखादं मिनिट. प्रत्यक्ष खायला उरली अकरा-बारा मिनिटं. एवढ्या वेळात सात वर्षांचं मूल एका मध्यम पोळीची सुरळी आरामात संपवतं, दीड पोळी रेटून. तीच पोळी तुकडे मोडून सुक्या भाजीशी खायची असेल तर एक पोळी संपतानाच घंटा होते. आणि घरून येतात दोन पोळ्या, भाजी, वर फळ. मग डबा अर्धा परत जातो, घरी मूल बोलणी खातं आणि पालकांना वाटतं की मुलाला भाजी आवडत नाही. त्याला भाजी आवडत असते, वेळ पुरत नसतो. हे एक वाक्य चिठ्ठीत आलं तेव्हा माझ्याकडे सगळ्यात जास्त 'बरं झालं सांगितलंत' आलं. त्यात पौष्टिक हा शब्दसुद्धा नव्हता.

दुसरं मोजमाप वेळेचं. आमच्याकडे डबा घरी भरला जातो सव्वासात-साडेसातला आणि उघडतो साडेअकराला. म्हणजे चार तास दप्तरात. शिजवलेलं ओलसर अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये असा साधारण नियम आहे, आणि आपल्याकडचे डबे तो रोजच मोडतात, त्याला इलाज नाही. पण काय लवकर बिघडतं ते आपल्याला दिसत असतं. ओल्या नारळाची चटणी, रस असलेली बटाट्याची भाजी, गरम असतानाच झाकण लावलेला भात. गरम अन्नाची वाफ झाकणाखाली पाणी होऊन खाली ठिबकते आणि डबा दमट-कोमट राहतो, अन्न आंबायला याहून सोयीची जागा नाही. झाकण लावण्याआधी दहा मिनिटं निवू दिलं तर बराच फरक पडतो. ही माहिती कुणालाही बोचत नाही, कारण ती वाफेबद्दल आहे.

आता भाषेकडे येते. घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

'आढळल्यास' हा झडतीचा शब्द आहे, तो काढा. 'असे निदर्शनास आले आहे की' यानंतर मराठीत आजवर कुणी चांगली बातमी दिलेली नाही. 'काही पालक' लिहिलंत की वर्गातले निम्मे पालक 'आपल्यालाच म्हणतायत' असं समजणार आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते 'आपण त्यातले नाही' असं समजणार. 'जागरूक पालक', 'सुजाण पालक' हेही नको, कारण जो तसं करू शकत नाही तो आपोआप अजाण ठरतो. 'आपल्या पाल्याच्या आरोग्यासाठी' हे ऐकायला निरुपद्रवी वाटतं, पण त्याचा अर्थ 'तुम्हाला त्याची काळजी नाही, म्हणून आम्ही सांगतोय' असा पोचतो. 'जंक' तर नकोच. घरातलं माणूस जे हाताने भरून देतं त्याला आपण कचरा म्हणतो.

'कृपया'ने फार काही होत नाही. "कृपया आणू नये" हा हुकूमच राहतो, टोपी घातलेला. 'आणावे, द्यावे, टाळावे' ही सगळी क्रियापदं वरून खाली येतात. त्यांच्या जागी शाळेला कर्ता करून बघा: 'मुलांना पुरतं', 'आम्हाला दिसतं', 'एकच्या सुमाराला भूक लागते'. वाक्याचा रोखच बदलतो.

आणि सहानुभूती जपून. "आपली धावपळ आम्ही समजू शकतो", "प्रत्येकाची परिस्थिती सारखी नसते याची आम्हाला जाणीव आहे" अशी वाक्यं मी चांगल्या मनाने लिहिली होती. आमच्या शाळेतल्या मावशींना मसुदा वाचून दाखवला तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हे आमच्याकडे बघून लिहिलंय होय?" परिस्थितीचा उल्लेख झाला की ती ज्याची आहे त्याला ती दिसतेच. उल्लेख न करता परिस्थितीला जागा करून देणं जास्त सभ्य. ते कसं, हे पुढे नमुन्यात दाखवते.

पदार्थांची नावं हा सगळ्यात नाजूक भाग आणि इथे आपण शिक्षक फार बेसावध असतो. मी वर्षानुवर्षं 'पोळी-भाजी' लिहीत होते. माझ्या घरी पोळी म्हणतात म्हणून. वर्गातली निम्मी मुलं चपाती म्हणतात, काहींच्या घरी रोज भाकरीच होते. एका वडिलांनी सहज विचारलं, "मॅडम, भाकरी चालते ना डब्यात?" त्यांना खरंच वाटलं होतं की शाळेला पोळीच पाहिजे. तेव्हा 'पोळी, चपाती, भाकरी, भात' असं सगळं लिहा. चार शब्द वाढतात, पण चार घरं आत येतात. यादीत फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात मुद्दाम घाला. ते कालच्या शिल्लक अन्नाचे पदार्थ आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. शाळेने त्यांची नावं बिनदिक्कत घेतली की 'रोज ताजं' न जमणाऱ्या घराला वेगळं काही सांगावं लागत नाही. 'ताजे, घरी केलेले', 'आईच्या हातचे', 'सात्त्विक' यांतला प्रत्येक शब्द कुणाला तरी बाहेर ठेवतो. घरी आई नसलेलं मूल तुमच्या वर्गात आज नसेल, पुढच्या वर्षी असेल. फळांचंही तसंच. 'मोसमातलं, मिळेल ते फळ' एवढंच पुरे. सफरचंद आणि किवी लिहिलंत की पेरू आणणाऱ्याला पेरू कमी वाटायला लागतो.

काही गोष्टी मात्र तुमच्या शाळेवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. अंडं किंवा मांसाहार डब्यात आणण्याबद्दल तुमच्या शाळेचा नियम काय आहे? नियम असेल तर एका सरळ वाक्यात लिहा, त्याला आरोग्याचं किंवा संस्कारांचं कारण चिकटवू नका. नियम नसेल तर यादीत अंडं लिहा, कारण न लिहिणं हाही एक निकालच असतो. बालवाडी जोडलेली असेल तर तिकडच्या पालकांसाठी एक वेगळं वाक्य लागेल: पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नयेत, घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून, दाणे कूट करून. दुसरीला त्याची तितकी गरज नाही. वर्गात कुणाला ॲलर्जी आहे का, हेही आधी विचारून घ्या. असेल तर चिठ्ठीत त्या पदार्थाबद्दल लिहिण्याआधी त्या पालकांना मजकूर दाखवा. नाव न लिहिताही चाळीस जणांच्या वर्गात ते मूल कोण हे संध्याकाळपर्यंत कळतं, तेव्हा त्यांची संमती हवीच.

आणखी एक, जरा अवघड जागेचं. शाळेच्या कँटीनमध्ये समोसे आणि गोळ्या विकल्या जात असतील, वाढदिवसाला चॉकलेटं वाटली जात असतील, तर आधी ते आवरायला सांगा, मग चिठ्ठी. पालक हे बघत असतात. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, म्हणजे एफएसएसएआयचे, २०२० चे शाळकरी मुलांच्या आहाराबद्दलचे नियम आहेत. चरबी, मीठ, साखर जास्त असलेल्या पदार्थांची विक्री शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत करू नये, असं ते सांगतात. ही बंधनं विक्रीवर आणि जाहिरातीवर आहेत. घरून आलेला डबा तपासायचा किंवा परत पाठवायचा अधिकार त्यातून शाळेला मिळत नाही. मुख्याध्यापकांच्या बैठकीत हा नियम उलटा वापरला गेलेला मी ऐकलाय, म्हणून सांगितलं. चिठ्ठीत त्याचा दाखला देऊ नका.

मग पोषणाचं काय लिहायचं? फार थोडं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी आहार मार्गदर्शिका काढली. तिच्यात १७ मुद्दे आहेत. सगळे वाचले आणि डब्याच्या चिठ्ठीत मी एकच घेतला: धान्याला डाळ-कडधान्याची किंवा दूध, अंडं अशा प्रथिनं असलेल्या कशाची तरी जोड. हाच का? कारण तो वर्गात डोळ्यांनी दिसतो. नुसत्या बिस्किटांवर किंवा जॅम-पोळीवर राहिलेलं मूल एकच्या सुमाराला डोकं बाकावर टेकतं. मैदा आणि साखर लवकर पचते, पोटात टिकत नाही. त्याच पोळीला दाण्याची चटणी लावलेली असेल किंवा भाताबरोबर थोडी उसळ असेल तर शेवटचा तास निभावतो. पालकाला 'प्रथिने' हा शब्द सांगण्यापेक्षा 'एकच्या सुमाराला भूक' सांगितलेली जास्त उपयोगी पडते, आणि त्यात कुणाची परीक्षा नाही. लोह, तंतू, जीवनसत्त्वं पालकसभेत एखाद्या आहारतज्ज्ञांना बोलावून बोलता येतील. चिठ्ठीत पाचवा मुद्दा आला की पहिले चारही कुणी वाचत नाही.

आमची सध्याची चिठ्ठी खाली देते. वेळा तुमच्या घाला.

> प्रिय पालक, नमस्कार.
>
> दुसरीच्या वर्गात डब्याच्या सुट्टीत काय घडतं ते आपल्याला कळवत आहोत. डबा भरताना याचा उपयोग होईल.
>
> सुट्टी साडेअकराला होते. हात धुऊन मुलं बसली की खायला साधारण १२ मिनिटं मिळतात. तेवढ्यात सहज संपेल इतकाच डबा पुरतो. हातात धरून खाता येणारा पदार्थ असला तर मुलांचं खाणं लवकर होतं. डबा उरला तर आम्ही मुलांना रागावत नाही, आपणही रागावू नका. बहुतेकदा वेळ कमी पडलेला असतो.
>
> त्यानंतर दोन वाजेपर्यंत खाण्याची सुट्टी नाही. पोळी, चपाती, भाकरी, भात, पोहे, उपमा, इडली, फोडणीची पोळी, फोडणीचा भात, घरात जे होतं ते चालतं. सोबत डाळ, उसळ, दाण्याची चटणी, दही, पनीर किंवा अंडं असं थोडं काही असलं की मुलं शेवटच्या तासापर्यंत टिकतात. नुसती बिस्किटं किंवा वेफर्स असले तर एकच्या सुमाराला पुन्हा भूक लागते. एखाद्या दिवशी तेच दिलंत तरी हरकत नाही, मुलाने काहीतरी खाल्लेलं चांगलं.
>
> डबा भरल्यापासून उघडेपर्यंत सुमारे चार तास जातात. गरम पदार्थ दहा मिनिटं निवू देऊन झाकण लावलं तर लवकर आंबत नाही. झाकण मुलाला स्वतःला उघडता येतं का ते एकदा घरी बघून घ्या.
>
> दोन गोष्टी मात्र सर्वांना लागू आहेत. काचेचा डबा किंवा बाटली देऊ नये, वर्गात फुटते. मुलाला कुठल्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर आम्हाला लिहून कळवावं.
>
> कधी डबा राहिला किंवा जमला नाही तर मुलाला तसंच पाठवा. शाळेत खाण्याची सोय आहे आणि त्याबद्दल मुलाला काही विचारलं जात नाही.
>
> आपली,
> वर्गशिक्षिका

यात काही जागा मुद्दाम तशा ठेवल्या आहेत. "एखाद्या दिवशी तेच दिलंत तरी हरकत नाही" हे वाक्य मुख्याध्यापकांना खटकतं, आमच्याकडेही खटकलं होतं. याने सूट मिळते, म्हणाले. मी म्हटलं, सूट तर ते घेणारच आहेत, फक्त लपवून घेतील. लपवलेल्या डब्याबद्दल आपल्याला काहीच करता येत नाही. दुसरं, 'देऊ नये' फक्त काचेला आहे. चिठ्ठीत कुठेतरी ठाम असायलाच हवं, नाहीतर सगळंच गुळमुळीत होऊन पालक ती न वाचता ठेवून देतात. ठाम राहायचं ते सुरक्षेच्या गोष्टीत, जिथे गरीब-श्रीमंत, शाकाहारी-मांसाहारी असा कुणाचाच प्रश्न येत नाही.

'शाळेत खाण्याची सोय आहे' हे शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. आमच्या शिक्षकखोलीच्या कपाटात एका डब्यात राजगिऱ्याचे लाडू आणि एकात चुरमुरे-फुटाणे असतात. मावशी ते देतात, वर्गाबाहेर बोलावून, 'चल गं, जरा मदत कर' असं म्हणून. सोय नसेल तर आधी ती करा. नाही जमली तर ते वाक्य गाळा, खोटं आश्वासन देण्यापेक्षा ते बरं.

मसुदा झाला की तो तिघांना वाचायला द्या: शाळेतल्या मावशींना, लिखित मराठीची फारशी सवय नसलेल्या एखाद्या पालकाला आणि चौथीतल्या एखाद्या मुलाला. 'कशी वाटली?' असं विचारू नका, सगळे 'छान' म्हणतात. 'हे वाचून उद्या तुम्ही काय कराल?' असं विचारा. आमच्या एका मसुद्यावर एक वडील म्हणाले, "उद्यापासून पनीर आणतो." तेव्हा पनीर यादीत पहिलं होतं. ते उचलून मागे टाकलं आणि डाळ पुढे आणली, कारण माणूस यादीतलं पहिलं नाव म्हणजे शाळेची अपेक्षा असं धरतो.

चौथीतलं मूल का, तर चिठ्ठी मुलं वाचतातच. आणि वाचली की शिपाई होतात. "बाई, ह्याने बघा बिस्किटं आणलीत." हे दुसऱ्या दिवशीच होणार, धरून चाला. त्या क्षणी तुम्ही जे बोलाल तीच खरी चिठ्ठी. मी एकच वाक्य ठरवून ठेवलंय: "ज्याचा डबा त्याचा. तुझ्यात काय आहे, संपव बघू." आणि ज्याचा डबा आहे त्याच्याकडे तेव्हा बघत नाही. उलट बाजूने, "वा, आज मोड आलेले मूग!" हेही म्हणत नाही. शेजारच्या खारीवाल्याला ते कसं ऐकू जातं, हे मला त्या झाकणवाल्या मुलीने शिकवलं. पालकांच्या ग्रुपवर डब्यांचे फोटो, 'आजचा उत्तम डबा', पौष्टिक डब्याची स्पर्धा, डायरीत हसरा चेहरा, हे सगळं त्याच कारणासाठी बंद. एका वर्षी आमच्याकडे अशी स्पर्धा झाली होती. पहिला नंबर आलेल्या डब्यात गाजराची फुलं होती आणि मुलाने ती एकही खाल्ली नाही.

एखाद्या मुलाचा प्रश्न खरोखरच गंभीर असेल, म्हणजे आठवड्यातून तीन-चारदा डबाच नसेल किंवा मूल रोज भोवळल्यासारखं करत असेल, तर तो चिठ्ठीचा विषय नाही. एकासाठी चाळीस जणांना चिठ्ठी लिहिली की ती नेमकी त्या एकाला सोडून सगळ्यांना लागते. तिथे फोन करायचा, तोही सुट्टीच्या गोंगाटात नाही. "डब्यात काय देता?" असं सुरू करायचं नाही. "गेले दोन-तीन दिवस तो एकच्या सुमाराला थकलेला दिसतोय, घरी सकाळी काही खाऊन निघतो का?" असं विचारते मी. बरेचदा उत्तर अन्नाचं नसतंच. मूल रात्री अकराला झोपतं, सकाळी तोंडात काही जात नाही, रिक्षा लवकर येते, दात हलतोय. खरंच घरी अडचण असेल तर ती याच फोनवर कळते, आणि मग वर सांगितलेल्या कपाटाचा उपयोग होतो.

चिठ्ठीचा उपयोग झाला की नाही हे कसं कळतं? मी महिन्याने तीन गोष्टी बघते. परत जाणारे अर्धे डबे कमी झाले का. झाकणं पूर्ण उघडी असतात का. आणि डायरीत पालकांची खुलासेवजा वाक्यं येतायत का: 'आज घाईत होते म्हणून', 'क्षमस्व, उद्यापासून देते'. असा एक जरी खुलासा आला तर चिठ्ठीत कुठेतरी अजून फौजदार शिल्लक आहे असं समजून मी ती पुन्हा वाचते.

पाठवायची वेळही बघा. जूनमध्ये शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना एकदम द्या. वर्गात डब्यावरून काही घडलं असेल तर त्यानंतर निदान पंधरा दिवस थांबा, नाहीतर सगळ्यांना माहीत असतं ती कुणामुळे आली. मार्चमध्ये ऊन वाढलं की मी दोन ओळींची दुसरी चिठ्ठी पाठवते, फक्त अन्न निवू देणं, ओली चटणी आणि पाण्याची बाटली यांबद्दल. आणि सही वर्गशिक्षिकेची असू द्या. मुख्याध्यापकांच्या सहीची चिठ्ठी पालक घडी घालून फाइलला लावतात. तुमच्या सहीची असली तर दुसऱ्या दिवशी फाटकापाशी थांबून विचारतात, "बाई, ते बारा मिनिटं खरंच का हो?"